हूक निघतो, पण रंग घेऊनच : डबल टेप आणि तिचा चिकटा भिंतीवरून व फर्निचरवरून कसा काढावा

डबल टेपवर लावलेला हूक ओढला की त्याच्या पाठीला चिकटून रंगाचा पोपडा येतो. पोपडा आला नाही तर भिंतीवर एक करडा, चिकट चौकोन उरतो, जो पुसल्यावर गेल्यासारखा वाटतो आणि महिन्याभरात पुन्हा डोके वर काढतो. या दोन तक्रारी वेगळ्या दिसतात, पण दोन्हींत आपण टेपचाच विचार करत असतो आणि तिच्याखाली काय आहे हे विसरतो. पोपडा येतो तो टेप भिंतीपासून लांब ओढल्यामुळे. डाग परत येतो तो चिकटा निघण्याऐवजी पसरल्यामुळे. पुढील मजकूर मुख्यतः इमल्शन रंगाच्या भिंतीविषयी आहे, कारण सर्वाधिक नुकसान तिथेच होते. फर्निचरचा विचार त्यानंतर केला आहे, कारण तिथे धोका ओढण्यापेक्षा आपण वापरत असलेल्या द्रावकाचा अधिक असतो.

पोपड्याची मागची बाजू पाहा

माझ्या खोलीच्या दारामागे फोमच्या डबल टेपवर बसवलेले चार हूक एका रांगेत होते. ते काढायचे ठरवले तेव्हा पहिला हूक मी स्क्रू ड्रायव्हरचे टोक खाली घालून उचकटला. तो टक् असा आवाज करून निघाला आणि त्याच्या मागे साधारण तीन सेंटीमीटर रुंदीचा रंगाचा तुकडाही आला. तो तुकडा फेकून देण्याआधी मी उलटा करून पाहिला, आणि उरलेले तीन हूक कसे काढायचे हे त्या तुकड्याच्या पाठीने सांगितले. पाठीवर पांढरी, बोटाला लागणारी भुकटी होती. म्हणजे रंग प्रायमरपासून सुटला नव्हता, टेप रंगापासून सुटली नव्हती, तर आतली पुट्टीच मधोमध फाटली होती.

रंगवलेली भिंत ही थरांची रचना असते. आत प्लास्टर, त्यावर पुट्टी, पुट्टीवर प्रायमर आणि सर्वांत वर रंगाचे दोन हात. टेप ओढली की तो ताण या सगळ्या थरांतून जातो आणि ज्या ठिकाणची पकड सर्वांत कमी असेल तिथे भिंत तुटते. टेपची रंगावरची पकड मात्र लावल्यानंतर वाढत जाते, कारण तिचे चिकटद्रव्य पहिल्या दोन-तीन दिवसांत रंगाच्या बारीक खाचांमध्ये हळूहळू उतरत असते. पुट्टीची आपसांतली पकड वाढत नाही. ओल लागली तर ती उलट कमी होते. काही वर्षांनी हूक ओढताना टेप जिंकते आणि पुट्टी हरते ती याच हिशेबाने, आणि त्यात टेपच्या दर्जाचा संबंध फारसा नसतो.

पोपड्याच्या पाठीवर भुकटी असेल तर पुट्टी ठिसूळ आहे आणि या भिंतीवर कोणत्याही दिशेने बाहेर ओढणे टाळले पाहिजे, असा अर्थ घ्यावा. पाठ स्वच्छ, गुळगुळीत आणि किंचित चमकदार असेल तर नवा रंग जुन्या ऑइलपेंटवर न घासता मारलेला असण्याची शक्यता मोठी आहे. अशा भिंतीवर रंग साल सोलल्यासारखा लांबवर निघत जातो, त्यामुळे तिथे अधिकच जपावे लागते. आणि भिंतीवर ओले बोट फिरवल्यावर रंग बोटाला येत असेल तर तो डिस्टेंपर आहे. त्यावर खाली दिलेल्या पाण्याच्या किंवा अल्कोहोलच्या कोणत्याही पायरीचा उपयोग नाही, तेवढा भाग कोरडाच काढून पुढे रंगवण्याची तयारी ठेवावी.

ओढू नका, कापा

फोम टेपच्या मध्ये स्पंजसारखा गाभा असतो आणि त्याच्या दोन्ही अंगांना चिकटद्रव्याचा थर असतो. आपल्याला सोडवायचे असते ते भिंतीकडचे चिकटद्रव्य, पण हूक जागेवर असताना तिथपर्यंत पोहोचताच येत नाही. म्हणून काम दोन टप्प्यांत करावे. आधी गाभा मधोमध कापून हूक मोकळा करावा, आणि भिंतीवर उरलेली फोमची चकती नंतर स्वतंत्रपणे काढावी. गाभा कापताना भिंतीवर बाहेरच्या दिशेने जवळजवळ काहीच ताण येत नाही. सारे रहस्य एवढेच आहे.

दुसऱ्या हूकसाठी मी हेअर ड्रायर घेतला. हूक प्लास्टिकचा असेल तर समोरून गरम हवा मारण्यात अर्थ नसतो, कारण प्लास्टिक उष्णता आत जाऊ देत नाही, आणि फार तापले तर स्वतःच वाकडे होते. ड्रायर भिंतीपासून साधारण १५ सेंटीमीटर अंतरावर तिरका धरून फोमच्या कडेवर, चारही बाजूंनी फिरवत राहावे. हूक स्टीलचा असेल तर मात्र समोरूनच तापवलेला चांगला, कारण तो उष्णता थेट टेपपर्यंत पोहोचवतो. लाकडापेक्षा भिंतीला वेळ जास्त लागतो, कारण मागचे प्लास्टर उष्णता शोषून घेत असते. माझ्याकडे प्रत्येक हूकला सुमारे एक मिनिट लागले. मोजमाप हाताचे ठेवावे. हूकशेजारच्या भिंतीवर तळवा दहा सेकंद आरामात टेकवता आला पाहिजे. हात मागे घ्यावासा वाटला तर भिंत जास्त तापली आहे, आणि इथेच अनेकांची गफलत होते. इमल्शन रंग हाही शेवटी एक प्रकारचा प्लास्टिकचा पापुद्राच असल्याने उष्णतेने जसा चिकटा मऊ होतो तसा रंगही होतो. शंका आल्यास हूकच्या बाजूला नख हलके टेकवून पाहावे. नखाची खूण उमटत असेल तर दोन-तीन मिनिटे थांबून भिंत निवू द्यावी.

कापण्यासाठी सुरी किंवा ब्लेड वापरू नये, कारण त्याचे टोक नकळत भिंतीत घुसते. तंगूस, म्हणजे मासे धरण्याच्या गळाला बांधतात तो नायलॉनचा दोरा, उत्तम. तो नसेल तर दातांसाठीचा फ्लॉस दुहेरी करून घ्यावा. साधारण ४० सेंटीमीटर लांबीचा दोरा दोन्ही हातांच्या बोटांना गुंडाळून हूकच्या वरच्या कडेमागे फोममध्ये घालावा आणि करवतीसारखा डावीकडे-उजवीकडे ओढत सावकाश खाली न्यावा. जोर खालच्या दिशेने असावा आणि दोरा हूकच्या पाठीला घासत जावा, भिंतीला नव्हे. दोरा भिंतीला टेकून फिरला तर मॅट रंगावर दोन्ही बाजूंना बारीक चकाकणाऱ्या रेघा उमटतात आणि त्या नंतर पुसून जात नाहीत. माझ्या दुसऱ्या हूकच्या डाव्या बाजूला तशी एक रेघ अजून आहे. तिसऱ्या हूकच्या वेळी दोन्ही बाजूंना भिंतीवर जाड कागदाच्या पट्ट्या नुसत्या धरल्या आणि तो प्रश्न मिटला. दोऱ्याने अर्धे अंतर कापल्यावर हूक हलू लागतो आणि आता हाताने ओढावा असा मोह होतो. उरलेल्या अर्ध्या भागावर तेव्हा सारा ताण एकवटलेला असतो, त्यामुळे शेवटच्या धाग्यापर्यंत कापतच राहावे.

भिंतीवर उरलेली चकती

आता भिंतीवर एक-दीड मिलीमीटर जाडीचा फोम उरतो. तो पुन्हा अर्धा मिनिट गरम करून एका कोपऱ्यापासून नखाने मोकळा करावा आणि मोकळा झालेला कोपरा स्वतःवरच दुमडून, भिंतीला लगटून मागे ओढावा. चिमटीत धरून स्वतःकडे, म्हणजे भिंतीशी काटकोनात, ओढू नये. काटकोनात ओढताना सगळा जोर रंगाला भिंतीपासून उचलण्यात खर्च होतो. भिंतीलगत ओढताना त्याचा मोठा भाग चिकटा ताणण्यात जातो.

वेगाचे महत्त्वही इथेच कळते. टेपचे चिकटद्रव्य पुरते घन नसते आणि पुरते द्रवही नसते. झटका दिला तर ते कडक पदार्थासारखे वागते आणि सारा ताण मागच्या थराला देते. सावकाश ओढले तर दाट डिंकासारखे ताणले जाऊन आपली पकड स्वतःच सोडते. एक सेंटीमीटर सोडवायला चार-पाच सेकंद लागावेत, इतका हा वेग कमी ठेवावा. नीट पाहिले तर फोम आणि भिंत यांच्यामध्ये चिकट्याच्या बारीक तारा ताणल्या जाताना दिसतात. तारा दिसत आहेत तोवर काम बरोबर चालले आहे. तारा दिसेनाशा झाल्या आणि फोमच्या कडेजवळचा रंग किंचित फुगून वर आला, तर त्याच क्षणी थांबावे; हा फुगवटा म्हणजे पोपड्याची सुरुवात असते.

चौथ्या हूकच्या वेळी माझे तसेच झाले. भुसभुशीत पुट्टीचा कुठलासा कमजोर भाग नेमका त्याच्या खाली होता आणि रंग वाटाण्याएवढा वर उचलला गेला. अशा वेळी चिकाटी कामाची नाही. फोम परत हलक्या हाताने दाबून बसवला, नव्या धारदार ब्लेडने चकतीच्या भोवती, कडेपासून दोन मिलीमीटरवर रंगाच्या पापुद्र्यापुरता चौकोनी काप दिला आणि मगच चकती काढली. आतला रंग गेला, तो जाणारच होता, पण फाटणे त्या कापाशी येऊन थांबले. काप दिला नसता तर ते पहिल्या हूकसारखे वाकडेतिकडे पसरले असते. सरळ कडेचा छोटा खड्डा भरणे सोपे असते, कडा उचललेला मोठा पोपडा भरणे अवघड.

फोम निघाल्यावर चिकट्याचा पातळ थर राहतो. त्याला लगेच काही लावण्याची घाई करू नये. बोटाने तो एका दिशेने हलकेच घोळवला तर त्याच्या लहान वळ्या होतात. त्या वळ्या एकत्र करून त्यांची गोळी करावी आणि तीच गोळी उरलेल्या चिकट्यावर टिपत जावी, कारण चिकटा रंगापेक्षा चिकट्यालाच अधिक चटकन धरतो. गोळी मोठी होत जाते आणि भिंत मोकळी होत जाते. बोट दुखू लागले तर पांढरे, मऊ खोडरबर चालते. रंगीत खोडरबर मात्र स्वतःचा रंग भिंतीला देते. ही पायरी कंटाळवाणी आहे, एका हूकला दहा मिनिटे सहज जातात, पण जितका चिकटा इथे कोरडा निघेल तितके पुढे ओले काम कमी करावे लागते.

पुन्हा पुन्हा उगवणारा करडा डाग

डाग पुसला, भिंत स्वच्छ झाली आणि काही आठवड्यांनी त्याच जागी तोच चौकोन पुन्हा दिसू लागला, ही तक्रार मी सर्वाधिक वेळा ऐकली आहे. डाग परत येत नसतो. तो गेलेलाच नसतो. डोळ्यांना न दिसणारा चिकट्याचा किंवा तेलाचा थर तिथे शिल्लक असतो आणि त्यावर हवेतली धूळ बसत राहते. अशा जागेवर बोटाची पाठ टेकवली तर ती किंचित अडकते, तर शेजारच्या भिंतीवरून सहज सरकते. काम पूर्ण झाले की नाही हे डोळ्यांनी ठरवू नये, बोटाच्या पाठीने ठरवावे.

याचे सर्वांत सामान्य कारण म्हणजे चिकटा घालवण्यासाठी लावलेले तेल. खोबरेल तेल, स्वयंपाकाचे तेल किंवा गंज सोडवण्याचा फवारा यांनी रबरी चिकटा खरोखरच सुटतो, म्हणून हा सल्ला सर्वत्र दिला जातो. काचेवर, स्टीलवर किंवा लॅमिनेटवर तो योग्यही आहे. मॅट इमल्शनचा पृष्ठभाग मात्र सच्छिद्र असतो. तेल त्यात मुरते, कडेला ओलसर वर्तुळासारखा डाग पडतो आणि त्या जागी पुढे नवा रंगही नीट धरत नाही. शिवाय चांगल्या प्रतीच्या फोम टेपमध्ये बहुधा अ‍ॅक्रिलिक चिकटद्रव्य असते, आणि त्याच्यावर तेलाचा परिणाम फारच थोडा होतो. म्हणजे डाग पडतो, आणि चिकटाही जात नाही. भिंतीवर तेल नको, हे माझे ठाम मत आहे.

त्याऐवजी आधी कोमट पाण्याच्या कपात भांडी घासण्याच्या द्रव साबणाचे दोन-तीन थेंब टाकावेत. पांढरे सुती फडके त्यात बुडवून, पाणी ठिबकणार नाही इतके पिळून चिकट्यावर दोन मिनिटे नुसते टेकवून ठेवावे आणि मग पुन्हा बोटाने वळ्या काढाव्यात. एवढ्याने बहुतेक वेळा भागते. नाही भागले तर आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरावे. अ‍ॅक्रिलिक चिकटा त्याने फुगतो आणि सैल होतो. पण इमल्शन रंगही त्याच कुळातला असल्याने तोही मऊ होतो, त्यामुळे वेळ आणि हालचाल दोन्हींवर लगाम हवा. कापडाच्या कोपऱ्यावर थोडेसे घेऊन १० ते १५ सेकंद टिपावे, घासू नये, आणि लगेच साबणाच्या पाण्याच्या फडक्याने व नंतर साध्या ओल्या फडक्याने जागा पुसून घ्यावी. पूर्ण वाळल्यावरच दुसरी फेरी करावी. त्याआधी दारामागे किंवा कपाटामागे, जिथे कोणाची नजर जात नाही अशा ठिकाणी हाच प्रयोग करून पाहावा. पांढऱ्या फडक्यावर रंग उतरला तर ही पायरी सोडून द्यावी. अल्कोहोल ज्वलनशील आहे, म्हणून ते हाती घेण्याआधी ड्रायर बंद करून बाजूला ठेवावा आणि ओल्या जागेवर पुन्हा गरम हवा मारू नये. नेलपॉलिश काढण्याचे द्रव भिंतीच्या आसपासही आणू नये. त्यात अ‍ॅसिटोन असेल तर रंग काही सेकंदांत उकलून येतो.

मॅट रंगाच्या बाबतीत आणखी एक फसवणूक होते. जोराने घासल्यावर तिथली भिंत गुळगुळीत होऊन चकाकू लागते, आणि तो चकाकणारा चौकोन म्हणजे अजून चिकटाच आहे असे समजून माणूस आणखी घासतो. मोबाइलची बॅटरी भिंतीला लगटून तिरकी धरावी. चिकटा असेल तर त्याची कड उंचवट्यासारखी दिसते. नुसती चकाकी असेल तर पृष्ठभाग सपाट दिसतो. चकाकीवर पुसण्याचा इलाज नाही, रंगाचा हात देणे हाच आहे. तसेच भोवतालचा रंग उन्हाने उडालेला असेल तर हूकखालचा चौकोन मूळ रंगाचा, अधिक गडद दिसतो. तो डाग नव्हेच, ती भिंतीची जुनी आठवण आहे, आणि तिला कोणतेही द्रावक लागू पडत नाही.

ओढून सुटणाऱ्या पट्ट्या

ज्या हूकच्या खाली पट्टीचे छोटे शेपूट बाहेर आलेले असते ते वेगळ्या तत्त्वावर चालतात. त्यांची पट्टी ताणली की रुंदीला आणि जाडीला आक्रसते आणि कडेपासून आपोआप सुटत जाते. म्हणून शेपूट स्वतःकडे न ओढता भिंतीला समांतर, सरळ खाली, न थांबता आणि सावकाश ओढावे. पट्टी मूळ लांबीच्या कित्येक पट ताणली जाते, त्याची भीती बाळगू नये. दुसऱ्या हाताने हूक फक्त पडू नये इतपत धरावा. तो भिंतीवर दाबला तर पट्टी आतल्या आत अडकते आणि तुटते. भिंत थंड असेल तर आधी थोडी ऊब द्यावी, कारण थंड पट्टी लवकर तुटते. शेपूट तुटलेच तर ही पट्टी आता साधी फोम टेप समजावी आणि वर सांगितल्याप्रमाणे दोऱ्याने कापावी.

फर्निचर : आधी पॉलिश ओळखा

लाकडी फर्निचरवर पोपड्याची भीती कमी असते, पण चुकीच्या द्रवाने पॉलिश उडवण्याची भीती फार मोठी असते. आधी कपाटाच्या तळाशी किंवा मागच्या कडेला स्पिरिटचा एक थेंब ठेवून मिनिटभराने त्याला बोट लावावे. पृष्ठभाग चिकट झाला तर ते लाखेचे, म्हणजे फ्रेंच पॉलिश आहे आणि त्यावर स्पिरिट किंवा अल्कोहोल मुळीच चालणार नाही. स्पिरिटने काही झाले नाही पण थिनरच्या थेंबाने पृष्ठभाग मऊ पडला, तर ते लॅकर आहे. दोन्हींनी काही झाले नाही तर बहुधा पीयू किंवा मेलामाइन पॉलिश आहे, किंवा पृष्ठभाग लॅमिनेटचा आहे. फ्रेंच पॉलिश आणि लॅकर या दोन्हींवर मिनरल टर्पेंटाइन हा त्यातल्या त्यात सुरक्षित पर्याय आहे. कापडावर थोडेसे घेऊन चिकट्यावर मिनिटभर ठेवावे, हलकेच टिपावे आणि लगेच कोरडे पुसावे. जागा लपलेल्या कोपऱ्यात तपासून घेण्याचा नियम इथेही आहेच. काम करताना खिडकी उघडी ठेवावी आणि वापरलेले कापड चुरगळून कोपऱ्यात टाकण्याऐवजी बाहेर पसरून वाळवावे.

फ्रेंच पॉलिशवर ड्रायरही सांभाळून वापरावा. लाख उष्णतेने लवकर मऊ होते आणि तिच्यावर फोमच्या कडेचा ठसा कायमचा उमटू शकतो. माझ्या माहितीतल्या एका लेखनाच्या मेजावर असा ठसा आहे. टेप निघाली, चिकटा निघाला, पण चौकोन राहिला, कारण तापवताना फोम खाली दाबून धरला होता. तिथे उष्णता जेमतेम हाताला कळेल इतकीच द्यावी आणि कापण्याचे काम दोऱ्यावर सोपवावे. व्हिनियर असेल तर दोरा आणि नंतर फोमची चकती, दोन्ही लाकडाच्या रेषांच्या दिशेने न्यावीत. रेषांना आडवे ओढले तर व्हिनियरचे बारीक तूस उचलले जाते.

लॅमिनेट हे या सगळ्यांत सोसणारे आहे. तिथे तेल खुशाल वापरावे. चिकट्यावर तेलाचा जाडसर थर लावून १०-१५ मिनिटे थांबावे, प्लास्टिकच्या जुन्या कार्डाने खरवडावे आणि शेवटी साबणाच्या पाण्याने तेलाचा अंशही ठेवू नये, नाही तर धूळ धरणारा तोच करडा चौकोन इथेही उगवतो. तेलाने हलले नाही तर अल्कोहोल चालते. फक्त कडेच्या पट्टीजवळ आणि बिजागरीच्या भोकांजवळ द्रव साचू देऊ नये, कारण आतली फळी तिथे उघडी असते आणि पाणी पिऊन फुगते. स्वस्त फर्निचरवर लाकडासारखा दिसणारा कागदी किंवा प्लास्टिकचा पापुद्रा चिकटवलेला असतो. त्याला लॅमिनेट समजून खरवडू नये. त्याच्या बाबतीत भिंतीचाच नियम लावावा, थोडी ऊब, दोरा आणि वेळ.

ऑइलपेंट मारलेले दार किंवा खिडकीची चौकट या दोहोंच्या मध्ये बसते. जुन्या, पुरत्या कडक झालेल्या ऑइलपेंटवर टर्पेंटाइनचा थोडक्यात केलेला वापर निभावतो, पण ताज्या रंगावर त्याने सुरकुत्या पडतात.

रंग निघालाच असेल तर

खड्ड्याच्या कडा आधी पाहाव्यात. ज्या कडा बोटाने हलतात त्या ब्लेडने कापून टाकाव्यात. त्या तशाच ठेवून वर पुट्टी लावली तर वाळताना पुट्टी त्यांना ओढते आणि कड पुन्हा उचलली जाते. आतली भुकटी कोरड्या ब्रशने झाडून तिथे प्रायमरचा पातळ हात द्यावा. हा हात बहुतेक जण गाळतात, आणि म्हणूनच त्यांची दुरुस्ती पुढच्या हूकबरोबर पुन्हा निघून येते, कारण नवी पुट्टी भिंतीला नव्हे तर भुकटीला चिकटलेली असते. प्रायमर वाळल्यावर पुट्टी एकदम न भरता दोन पातळ थरांत भरावी, वाळल्यावर २२० नंबरच्या पॉलिश पेपरने कडा भिंतीशी एक होईपर्यंत घासावे, पुन्हा प्रायमर आणि मग रंग. रंग छोट्या रोलरने लावावा. ब्रशच्या खुणा रोलरने रंगवलेल्या भिंतीवर दुरूनही दिसतात. माझ्या पहिल्या हूकची जागा अशी भरली तेव्हा रंग त्याच डब्यातला असूनही ती आठवडाभर वेगळी दिसत होती. नंतर ती बरीच मिसळली, पण सकाळचा तिरपा उजेड आला की अजून कळते.

त्या भिंतीवर नवा हूक लावायचा असेल तर आधी मास्किंग टेपचा बोटभर तुकडा दाबून लावावा, मिनिटभराने ओढावा आणि त्याची चिकट बाजू उजेडात पाहावी. तिच्यावर पांढरी भुकटी आली तर त्या भिंतीवर चिकटणारा हूक नको, खिळाच बरा. खिळ्याचे भोक बुजवायला चिमूटभर पुट्टी पुरते. टेप स्वच्छ निघाली तरी नव्याने दुरुस्त केलेल्या जागेवर तीन-चार आठवडे काही लावू नये. इमल्शन काही तासांत हाताला कोरडे लागते, पण त्याचा पापुद्रा आतून घट्ट व्हायला तेवढे दिवस घेतो. आणि हूक लावतानाच फोमच्या वरच्या कडेला तंगूसाचा तुकडा घालून त्याची दोन्ही टोके हूकच्या मागे दडवून ठेवावीत. काढायच्या दिवशी दोरा आत सारण्याची सगळ्यांत नाजूक पायरी त्यामुळे आधीच झालेली असते.